आधी कमेंट्स, मग अकाउंट

*ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. कॉलेजात असताना, २०१५ मध्ये, रेडिटवर टोपणनावाने अकाउंट उघडलं होतं. तेव्हापासून तिथे खूप लिहिलं. हॉस्टेल, परीक्षा, आईबाबांची भांडणं, माझ्या डिप्रेशनवरचे उपचार, ऑफिसातला वैताग, सगळंच. आता लग्न ठरलंय. परवा होणाऱ्या नणंदेने हसत हसत एक जुना धागा फोनवर दाखवला आणि त्यात माझीच कमेंट होती! तिच्या लक्षात आलं नाही, पण माझे हातपाय गार पडले. रात्री अकाउंट डिलीट करायला बसले तर मैत्रीण म्हणाली, अकाउंट गेलं तरी कमेंट्स तशाच राहतात. हे खरं आहे का? मग डिलीट करून उपयोग काय? एका बटणात सगळं पुसायची सोय का नाही? मी कमेंट्स कशा काढू? (नाव देऊ नका.)*

मैत्रिणीने वेळेवर हात धरला, तिचे आभार माना. त्या रात्री बटण दाबलं असतंत तर तुमच्या कमेंट्स तिथेच राहिल्या असत्या आणि त्या काढण्याचा तुमचा अधिकार मात्र कायमचा गेला असता. रेडिटवर डिलीट केलेलं अकाउंट परत उघडता येत नाही, तेच टोपणनाव पुन्हा घेता येत नाही. कमेंट काढायला त्या अकाउंटमध्ये लॉगिन असावं लागतं. आतलं सामान हलवायच्या आधीच घराची किल्ली नदीत फेकण्यासारखं ते झालं असतं. तेव्हा पहिली विनंती अशी की आज काहीही डिलीट करू नका. पासवर्ड आठवतोय का आणि अकाउंटला जोडलेला ईमेल अजून चालू आहे का, एवढंच आज बघा. कॉलेजचा ईमेल जोडलेला असेल तर तो आधी बदला.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढची कामं आपोआप सुचतात.

आपल्याला वाटतं की अकाउंट म्हणजे एक पेटी आणि आपलं सगळं लेखन त्या पेटीत. रेडिटच्या डेटाबेसमध्ये तसं नसतं. अकाउंटची नोंद वेगळी आणि प्रत्येक कमेंटची नोंद वेगळी. कमेंटच्या नोंदीत एवढंच लिहिलेलं असतं की ही अमुक क्रमांकाच्या सदस्याची आहे, अमुक धाग्यावर, अमुक कमेंटला उत्तर म्हणून आलेली. २००८ ते २०१७ या काळात रेडिटचा बराचसा कोड सर्वांना वाचायला खुला होता. त्यात सदस्याच्या नोंदीवर `_deleted` नावाची एक खूण दिसते. अकाउंट डिलीट केलं की ती खूण चालू होते, आणि पान दाखवताना त्या सदस्याच्या नावाच्या जागी `[deleted]` येतं. कमेंटच्या नोंदीवर अशीच खूण असते, पण ती वेगळी. अकाउंट डिलीट केल्याने ती चालू होत नाही. तुम्ही ज्याला एकच काम समजत होतात ती दोन कामं आहेत.

यात तांत्रिक आळस कमी आणि ठरवून केलेली निवड जास्त आहे. चर्चा झाडासारखी वाढते, तुमच्या कमेंटखाली दहा जणांची उत्तरं असतात. दहा वर्षं लिहिणारा माणूस गेला म्हणून त्याच्या हजारो कमेंट्स एका झटक्यात उडाल्या तर बाकीच्यांचं बोलणं अधांतरी राहतं. हॅकर न्यूज नावाच्या संगणक-मंडळींच्या चर्चास्थळावर तर हे धोरण उघडच लिहिलेलं आहे. एखाद्याचा सगळा इतिहास पुसला तर तो ज्या चर्चांत होता त्या पोकळ होतात, म्हणून ते तसं करणं टाळतात. मात्र खासगीपणाची अडचण कळवली तर एकेका कमेंटचा विचार करतात. दुसरं कारण सरळ धंद्याचं आहे. जुने धागे गुगलवर सापडतात, लोक त्यावरून साइटवर येतात. रेडिटच्या अटींनुसार लेखनाची मालकी तुमचीच राहते, पण ते वापरण्याचा कायमस्वरूपी आणि मागे न घेता येणारा परवाना तुम्ही त्यांना दिलेला असतो. २०१५ मध्ये 'मान्य आहे' वर क्लिक करताना तुम्ही हे वाचलं नसेल. कोणीच वाचत नाही.

मग अकाउंट डिलीट करून उपयोग काय, हा तुमचा प्रश्न त्राग्यातून आलेला असला तरी त्याला खरं उत्तर आहे. उपयोग आहे, पण तुम्ही समजत होतात तो नाही.

तुमच्यासमोर दोन वेगळे धोके आहेत आणि पत्रात ते एकमेकांत गुंतलेत. एक धोका साखळीचा. टोपणनावावर टिचकी मारली की दहा वर्षांतल्या कमेंट्स एकाखाली एक दिसतात. एकात हॉस्टेलचा परिसर, दुसरीत शाखा आणि वर्ष, तिसरीत वडील कुठे नोकरीला, चौथीत उपचार. सुटं काहीच सांगत नाही, एकत्र वाचलं की माणूस उभा राहतो. अकाउंट डिलीट केल्याने ही साखळी तुटते, कारण त्यानंतर प्रत्येक कमेंट नुसत्या `[deleted]` च्या नावावर उरते आणि इतर कमेंट्सशी तिचं नातं पानावर दिसत नाही. दुसरा धोका एकट्या कमेंटचा. जिच्यात इतकं सगळं आहे की नाव नसलं तरी तुम्हाला ओळखणारी व्यक्ती चटकन म्हणेल, 'अगं, ही तर तीच!' या धोक्यावर अकाउंट डिलीट करणं हा उपायच नाही. त्या कमेंट्स एकेक करून काढाव्या लागतात.

नणंदेच्या फोनवर जे दिसलं ते नीट आठवा. तिने टोपणनावावर टिचकी मारली नाही, आणि त्या कमेंटवरून तिने तुम्हाला ओळखलंही नाही. म्हणजे दोन्ही धोके त्या क्षणी घडले नाहीत. हातपाय गार पडणं स्वाभाविक आहे, पण घाई करायचं कारण नाही. क्रमाने काम करायला तुमच्याकडे वेळ आहे.

आणखी एक गोष्ट हळूच विचारते. तुम्हाला खरंच सगळं पुसायचं आहे का? परीक्षेच्या तयारीबद्दल कुणाला दिलेलं उत्तर, शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांची माहिती, एखाद्या पावसाळी रात्री हॉस्टेलमधल्या अनोळखी मुलीला दिलेला धीर, यातून तुमचं काही उघड होत नाही आणि कुणाला तरी ते आजही सापडत असेल. तुमचं लेखन, तुमचा निर्णय. सगळं काढायचं ठरवलंत तरी त्यात गैर काही नाही. माझं मत विचाराल तर ओळख पटवणाऱ्या कमेंट्स काढाव्यात, बाकीच्या राहू द्याव्यात आणि शेवटी अकाउंट डिलीट करून साखळी तोडावी. यात काम कमी होतं आणि जिथे लक्ष द्यायला हवं तिथे ते राहतं.

आता कामाला लागू. सुरुवात डिलीटपासून नाही, यादीपासून करायची. लॉगिन करून `reddit.com/settings/data-request` या पानावर जा आणि तुमच्या सगळ्या माहितीची प्रत मागा. ती यायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. तयार झाली की रेडिटच्या इनबॉक्समध्ये लिंक येते. झिप फाइल उघडली की आत बऱ्याच फाइली दिसतील. आपल्याला हव्यात त्या `comments.csv` आणि `posts.csv`. पहिलीत तुमची प्रत्येक कमेंट एकेका ओळीत असते. तिचा क्रमांक, तारीख, कुठल्या सबरेडिटवर म्हणजे रेडिटवरच्या कुठल्या विषयाच्या गटात, थेट पत्ता आणि पूर्ण मजकूर.

एवढी वाट कशाला बघायची, प्रोफाइल उघडून एकेक काढत जाईन, असं तुम्हाला वाटेल. इथेच बहुतेकांची फसगत होते. रेडिटची प्रोफाइलची यादी साधारण १,००० नोंदींवर थांबते. त्याच्या मागचं अस्तित्वात असतं, धाग्यावर दिसतं, गुगलवर सापडतं, पण तुमच्या प्रोफाइलवर कितीही खाली गेलात तरी येत नाही. तुम्ही सगळ्या हजार कमेंट्स काढल्यात की प्रोफाइल रिकामं दिसतं आणि वाटतं की झालं. प्रत्यक्षात उरलेल्या कमेंट्स सर्वांत जुन्या असतात. तुमच्या बाबतीत त्या हॉस्टेलच्या काळातल्या. विशीत आपण काय काय लिहितो ते आठवा, म्हणजे या यादीसाठी महिनाभर थांबणं का परवडतं ते कळेल.

थांबण्याच्या काळात एक पडदा ओढून ठेवा. २०२५ च्या जूनपासून रेडिटने आपल्या पोस्ट आणि कमेंट्स प्रोफाइलवरून लपवण्याची सोय दिली आहे. सेटिंग्जमध्ये प्रोफाइलच्या भागात ती सापडते. सगळं लपवा. यामुळे कमेंट्स धाग्यांवरून जात नाहीत, पण टोपणनावावर टिचकी मारणाऱ्याला आयती साखळी मिळत नाही. ही तात्पुरती व्यवस्था आहे, तिच्यावर विसंबून पुढचं काम सोडू नका.

यादी आली की ती एक्सेलसारख्याच लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. एक्सेलमध्ये थेट डबल-क्लिक करून उघडलीत तर देवनागरीत लिहिलेल्या कमेंट्सची अगम्य चिन्हं होतात. एक्सेलच वापरायचं असेल तर फाइल 'इंपोर्ट' करून UTF-8 निवडा. हे मुद्दाम सांगते, कारण आपण मनातलं बोलायला लागलो की मराठीवर येतो, आणि शोधायचं नेमकं तेच असतं.

समजा तुमच्या यादीत २,४०० ओळी निघाल्या. आधी सबरेडिटच्या स्तंभावर क्रम लावा. नुसत्या त्यानेच चित्र स्पष्ट होतं. क्रिकेट, सिनेमा, मीम यांच्या सात-आठशे ओळी एका नजरेत बाजूला पडतील. मानसिक आरोग्य, नातेसंबंध, नोकरी आणि पुण्याबद्दलच्या सबरेडिटवरच्या ओळी एकत्र येतील, त्या मात्र एकेक वाचा. मग मजकुराच्या स्तंभात शब्द शोधा. कॉलेजचं नाव आणि त्याचं लघुरूप, हॉस्टेलचा परिसर, गावाचं नाव, कंपनीचं नाव, औषधांची नावं, 'my dad', 'my mom', आई, बाबा, दादा. प्रत्येक शब्द रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिपींत शोधा, आणि आपण घाईत करायचो त्या स्पेलिंगसह. सापडलेल्या ओळीपुढे रिकाम्या स्तंभात एक फुली मारत जा.

फुली मारताना प्रश्न एवढाच ठेवा की ही एकटी कमेंट माझ्या ओळखीच्या माणसाने वाचली तर त्याला मी कळेन का. 'मला या कमेंटची लाज वाटते का' हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याने फुल्यांची संख्या उगाच वाढते. २०१६ मधलं एखादं अतिशहाणं राजकीय मत लाजिरवाणं असेल, पण ते आणखी लाखभर लोकांचंही होतं.

अशा चाळणीतून समजा १५० ओळी निघाल्या. हाताने एक कमेंट काढायला साधारण २५ सेकंद धरले तर हे तासाभराचं काम आहे. सगळ्या २,४०० हाताने काढायच्या म्हटल्या तर सोळा-सतरा तास. मी निवडून काढायला का सांगते ते इथे कळेल.

हाताने काढण्यासाठी रेडिटचं जुनं रूप सोयीचं पडतं. पानं हलकी असतात आणि कमेंटखालीच `edit` आणि `delete` दिसतात. यादीतले पत्ते त्या रूपात उघडतील असे करून घ्या. पत्ता `B` स्तंभात असेल तर शेजारी हे सूत्र टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=HYPERLINK(SUBSTITUTE(B2,"www.reddit.com","old.reddit.com"))
```

आता एकेका लिंकवर क्लिक करा, कमेंट उघडेल, `delete` दाबा, 'yes' म्हणा, ओळीपुढे 'झालं' लिहा, पुढची घ्या.

डिलीट करण्याआधी मजकूर बदलावा, म्हणजे `edit` करून जागी काहीतरी निरर्थक टाकावं आणि मगच डिलीट करावं, असा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. त्याला आधार आहे. रेडिटच्या २०१३ च्या खासगीपणाच्या धोरणात लिहिलेलं होतं की कमेंटचं फक्त शेवटचं रूप जपलं जातं आणि आधीची रूपं पुसली जातात. डिलीटने नुसती खूण लागते, मजकूर आत राहू शकतो, पण बदललेला मजकूर जुन्याच्या जागी बसतो, असा तो तर्क. आज त्यांच्या यंत्रणेत आणि बॅकअपमध्ये काय राहतं याची हमी बाहेरून कुणी देऊ शकत नाही, म्हणून याला कवच समजू नका. उपचारांबद्दलच्या किंवा घरातल्या भांडणांच्या ज्या काही वीस-तीस कमेंट्स असतील त्यांच्यासाठी ही जास्तीची पायरी करा. आधी मजकूर बदला, एक-दोन दिवस तसाच राहू द्या आणि मग डिलीट करा. बाकीच्यांसाठी साधं डिलीट पुरे. बदलताना अर्वाच्य किंवा अक्षरांची खिचडी टाकू नका. तशा कमेंट्सचा पाऊस पडला की सबरेडिट सांभाळणारे मॉडरेटर त्याला उपद्रव समजतात. एक टिंब टाकलंत तरी काम होतं.

ज्यांना खरोखर सगळंच काढायचं आहे त्यांच्यासाठी आपोआप काढणारी साधनं आहेत. त्यातलं जुनं आणि फुकट म्हणजे `Power Delete Suite`. हे ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये ठेवायचं आणि जुन्या रूपातल्या आपल्या प्रोफाइलवर जाऊन चालवायचं. कमेंट्स ठेवायच्या की पोस्ट, कुठलं सबरेडिट वगळायचं, आधी मजकूर बदलायचा का, हे ते विचारतं. पण तेही प्रोफाइलच्या यादीतूनच वाचतं, त्यामुळे हजाराची भिंत त्यालाही आहे. नवीन, लोकप्रिय, वादग्रस्त अशा निरनिराळ्या क्रमांनी यादी मागवून ते काही जुन्या कमेंट्स गाठतं, सगळ्या नाही. उरलेल्यांसाठी पुन्हा तुमची `comments.csv` हाताशी हवीच. रेडिटने २०२३ च्या जुलैपासून बाहेरच्या प्रोग्रॅमना दर मिनिटाला किती विनंत्या करता येतील यावर कडक मर्यादा घातली. घाईघाईने चालवलेल्या साधनाच्या काही विनंत्या नाकारल्या जातात, आणि 'पूर्ण झालं' अशी पाटी येऊनही कमेंट्स जागच्या जागी असतात. असं कुठलंही साधन तुमच्या चालू लॉगिनवर काम करतं, म्हणून ते त्याच्या मूळ गिटहब पानावरूनच घ्या. रेडिटचा पासवर्ड टाका म्हणणाऱ्या भलत्याच साइटकडे फिरकू नका.

मग खरंच गेलं का, हे कसं ओळखायचं? प्रोफाइल बघून नाही. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, म्हणजे तुम्ही लॉगिन नसाल, आणि यादीतले वीस-पंचवीस पत्ते मधूनमधून उचलून थेट उघडा. नाव आणि मजकूर या दोन्ही जागी `[deleted]` दिसलं किंवा कमेंटच नाहीशी झाली तर काम झालं. खाली उत्तरं असतील तर `[deleted]` ची रिकामी चौकट राहते, उत्तरं नसतील तर तीही जाते. नावाच्या जागी `[deleted]` आणि खाली मजकूर जसाच्या तसा, हे अकाउंट गेलेल्या पण कमेंट राहिलेल्या माणसाचं लक्षण. तुमच्या मैत्रिणीने तेच कुठेतरी पाहिलं असणार. आणि मजकुराच्या जागी `[removed]` असेल तर ती कमेंट मॉडरेटरने हटवलेली आहे. ती तुमच्या बाजूने तुम्ही वेगळी डिलीट करायची.

हे तपासणं झालं तरी अकाउंट लगेच डिलीट करू नका. त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. १२ जून २०२३ ला रेडिटने बाहेरच्या अ‍ॅप्सना लावलेल्या नव्या शुल्कांच्या निषेधार्थ हजारो सबरेडिट्सनी आपली दारं बंद केली, म्हणजे ती खासगी केली. त्याच दिवसांत रागावलेल्या अनेक सदस्यांनी साधनं वापरून आपल्या कमेंट्स पुसल्या, काहींनी पाठोपाठ अकाउंटही डिलीट केलं. काही दिवसांनी दारं उघडली आणि पुसलेल्या कमेंट्स परत दिसू लागल्या म्हणून ओरड झाली. रेडिटने त्या परत आणल्या असाच बऱ्याच जणांचा समज झाला. पण सबरेडिट खासगी असताना त्यातल्या तुमच्या कमेंट्स तुमच्या प्रोफाइलवर दिसत नाहीत, त्यामुळे साधनाला त्या सापडलेल्याच नसतात. दार उघडलं की त्या पुन्हा दिसू लागतात. अकाउंट जिवंत असलेल्यांनी पुन्हा साधन चालवून त्या काढल्या. ज्यांनी अकाउंट डिलीट केलं होतं ते बघत बसले. म्हणून साफसफाईनंतर दोनेक महिने अकाउंट तसंच ठेवा, मधून एकदा यादीतल्या सगळ्या फुल्या पुन्हा तपासा आणि मगच शेवटचं बटण दाबा. तुमचं लग्न त्याआधी असलं तरी बिघडत नाही. फुलीवाल्या कमेंट्स तोवर गेलेल्या असतील.

काही गोष्टी तुमच्या हाताबाहेर आहेत, त्या थोडक्यात. तुमच्या कमेंटमधलं वाक्य कुणी आपल्या उत्तरात उद्धृत केलं असेल तर ते त्या माणसाचं लेखन झालं, तुमच्या डिलीटने ते जात नाही. फारच ओळख पटवणारं असेल तर त्या व्यक्तीला किंवा त्या सबरेडिटच्या मॉडरेटरना सभ्यपणे लिहा. कारण थोडक्यात सांगितलं तर पुष्कळदा ऐकतात. उत्तरांमध्ये कुणी तुमचं टोपणनाव `u/` लावून लिहिलं असेल तर तेही साधा मजकूर म्हणून राहतं. तेच टोपणनाव इन्स्टाग्रामवर किंवा ईमेलमध्ये वापरत असाल तर ते तिकडे बदला. मला विचाराल तर पुष्कळ कमेंट्स पुसण्यापेक्षा या एका बदलाने जास्त फरक पडतो. तुम्ही पाठवलेले खासगी निरोप समोरच्याच्या इनबॉक्समध्ये राहतात. स्वतः सुरू केलेल्या धाग्यांचं शीर्षक नंतर बदलता येत नाही, आणि धागा डिलीट केला तरी पूर्वी शेअर झालेल्या लिंकच्या पत्त्यात शीर्षकातले शब्द उरतात. म्हणून `posts.csv` मधल्या शीर्षकांवर आधी नजर टाका.

गुगलच्या निकालांत पुसलेल्या कमेंटचे दोन-चार शब्द आणखी काही दिवस दिसत राहतील. त्यासाठी गुगलचंच कालबाह्य मजकूर ताजा करून घेण्याचं पान आहे, `search.google.com/search-console/remove-outdated-content`. तिथे धाग्याचा पत्ता द्या आणि आता पानावर नसलेला एखादा शब्द सांगा. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या धाग्याची जुनी प्रत आहे का तेही बघा. असली तर ती हटवण्याची विनंती `info@archive.org` वर करता येते. पुशशिफ्ट नावाच्या प्रकल्पाने रेडिटचा मजकूर अनेक वर्षं साठवून ठेवला होता. २०२३ मध्ये रेडिटने त्याचा सार्वजनिक वापर बंद पाडला, पण त्याआधी उतरवून घेतलेल्या प्रती संशोधक आणि हौशी लोकांकडे आहेत. त्या परत मागवता येणार नाहीत. नणंद त्या उघडून बसेल अशीही शक्यता नाही. कशासाठी झोप घालवायची आणि कशासाठी नाही, हे ठरवताना इतकं लक्षात ठेवा.

कायद्याचं काय, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की एखाद्याने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागू होत नाही, आणि तिथे दिलेलं उदाहरण समाजमाध्यमावर स्वतःचे विचार मांडणाऱ्या व्यक्तीचंच आहे. म्हणजे आपण आपल्या हाताने चव्हाट्यावर लिहिलेल्या कमेंटसाठी या हक्काची फारशी मदत नाही. युरोपात राहणाऱ्या वाचकांची बाजू बरी आहे. तिथल्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमाखाली ते रेडिटला लेखी विनंती करू शकतात.

हे सगळं मी रेडिट धरून सांगितलं, दुसरीकडे आंधळेपणाने लावू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर तुमची उत्तरं खुल्या परवान्याखाली जातात आणि ती मोठ्या प्रमाणात पुसणं नियमाविरुद्ध आहे. मे २०२४ मध्ये निषेध म्हणून आपली उत्तरं बदलणाऱ्या सदस्यांची खाती तिथे काही काळ गोठवली गेली. हॅकर न्यूजवर कमेंट बदलण्या-पुसण्याची मुभा थोडा वेळच असते, नंतर `hn@ycombinator.com` वर ईमेल हाच मार्ग. कुठल्याही साइटवर अकाउंट डिलीट करण्याआधी पुसण्याचे नियम वाचा, पाच मिनिटं लागतात.

पत्रात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, उपचारांची. ती होणाऱ्या नवऱ्याला सांगायची का, कधी, किती, हा तुमचा विषय आहे आणि कमेंट पुसण्याने त्याचं उत्तर मिळत नाही. फक्त ही दोन कामं एकमेकांत अडकवू नका. लपवण्यासाठी पुसतेय असं वाटत राहिलं तर पुसणं कधी संपणार नाही. अनोळखी लोकांसमोरचं लेखन आवरणं आणि घरच्या माणसाशी बोलणं, दोन्ही तुमच्या हक्काचं आहे आणि दोन्हीची वेळ तुम्हीच ठरवायची.

शेवटी त्या `comments.csv` बद्दल. त्या फाइलीत तुमचं दहा वर्षांचं लेखन तारीखवार एका जागी आहे. धाग्यांवर विखुरलेलं असताना जी साखळी जोडायला कुणालाही कष्ट पडले असते ती इथे आयती जोडलेली आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती उतरवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नका. काम संपेपर्यंत घरच्या लॅपटॉपवर पासवर्ड लावून ठेवा आणि अकाउंट डिलीट झाल्यावर तीही काढून टाका, डाउनलोड्सच्या फोल्डरमधली मूळ झिप आणि रिसायकल बिन धरून.